बातम्या वाचण्याचा नंबर

गेल्या वर्षी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, परिपाठात बातम्या वाचण्याचा तिचा नंबर होता त्या दिवशी, पाचवीतली एक मुलगी शाळेत आली नाही. शाळा सुरू झाल्यापासून तिचा नंबर तीनदा आला होता. तिन्ही दिवशी हजेरीपटावर तिची गैरहजेरी आहे. बाकी एकाही दिवशी नाही.

शाळा जिल्हा परिषदेची, भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीपासून एसटीने वीस मिनिटांवर. पहिली ते सातवी, शिक्षक चार. चौथी आणि पाचवी एकाच खोलीत बसतात आणि ती खोली माझ्याकडे आहे. मी डी.एड. केले तेव्हा शिक्षकभरती बंद होती. भरती सुरू होईपर्यंतची सात वर्षे मी नागपूरच्या एका वर्तमानपत्रात उपसंपादक होते. शाळेत रुजू झाल्यावर परिपाठातल्या बातम्या मी माझ्याकडे घेतल्या. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार यांच्यानंतर रोज एक मूल कालच्या पेपरातल्या चार बातम्या उभे राहून वाचते. पाच वर्षांत या उपक्रमाचे शिक्षकांच्या केंद्र संमेलनात दोनदा कौतुक झाले होते. त्यात एखादे मूल मागे राहत असेल, असे मला वाटले नव्हते.

तिसऱ्या गैरहजेरीच्या दुसऱ्या दिवशी मी तिला जवळ बोलावले आणि मराठीच्या पुस्तकातला त्या आठवड्याचा धडा वाचायला सांगितला. तिने पहिला परिच्छेद न अडखळता म्हटला. तिचे बोट मात्र तिसऱ्या परिच्छेदावर होते. मी पान उलटून न शिकवलेला धडा काढला आणि पुन्हा वाच म्हटले. ती पहिल्या शब्दावर थांबली. पहिले अक्षर तिने ओळखले, दुसऱ्याची मात्रा सोडली, तिसरे जोडाक्षर होते. तिथून ती पुढे गेली नाही. पहिली ओळ संपायला दीड मिनिट लागले आणि ओळीत सहा शब्द होते.

चौथीच्या रांगेतून तिची धाकटी बहीण म्हणाली, "मॅडम, तो धडा आम्ही अजून केला नाही."

"आम्ही म्हणजे?"

"मी वाचतो घरी. ती ऐकते. दोनदा ऐकलं की तिले येते."

धाकटी तिच्याहून एका वर्षाने लहान होती. थोरलीचे धडे ती दुसरीपासून वाचून दाखवत होती. थोरली पाचवीपर्यंत आली ती अशी.

मग मी तिच्या वह्या नीट पाहिल्या. त्यात माझ्या हातची चूक सापडली. वर्तमानपत्रात छपाईआधीची मुद्रिते, म्हणजे प्रुफे, जशी तपासतात तसे मी तिचे निबंध तपासले होते: लाल पेन, समासात खुणा, चुकलेल्या प्रत्येक मात्रेला गोल. जुलैच्या एका निबंधात सात ओळी आणि सदतीस लाल खुणा होत्या. त्यानंतरच्या निबंधाचे पान कोरे होते. त्याच्याखाली मी लिहिले होते, 'अपूर्ण. आळस सोड.' तो शेरा अजून त्या वहीत आहे.

मुख्याध्यापकांनी पंचायत समितीच्या गट साधन केंद्राला कळवले. तिथले विशेष शिक्षक दहा दिवसांनी मोटारसायकलवर आले. त्यांच्याकडे तालुक्यातल्या बऱ्याच शाळा आहेत. ते तिच्याशी तासभर बोलले. अक्षरे वाचायला दिली, शब्द वाचायला दिले, ऐकून लिहायला दिले आणि गोष्ट सांगायला लावली. गोष्ट तिने सर्वांत चांगली सांगितली.

नंतर त्यांनी मला विचारले, "हे 'मले', 'तुले' लिहिलं त्याले तुम्ही चूक धरली का?"

"धरली."

"ते नोका धरू. ते घरचं बोलनं आहे. सगळ्याच पोरांच्या वहीत भेटेल. तिचं वेगळं आहे. तिले आवाजाचं अक्षर अन् अक्षराचा आवाज लवकर जुळवता येत नाही. डिस्लेक्सिया असू शकते. पन ते सांगनं माह्या हातात नाही अन् तुमच्या बी हातात नाही. आधी डोळे अन् कान तपासू. मंग पुढं."

लाखनीच्या ग्रामीण रुग्णालयात डोळे आणि कान तपासले. दोन्ही ठीक होते. पुढची तपासणी भंडाऱ्याला जिल्हा रुग्णालयात होणार होती, आणि त्यासाठी वडिलांची संमती हवी होती.

वडिलांचे पंक्चरचे दुकान महामार्गालगत आहे. मी शाळा सुटल्यावर तिथे गेले. ते ट्रकचे चाक उघडत होते. मी सगळे सांगितले. त्यांनी काम थांबवले नाही.

"म्हंजे दिव्यांगाचं सर्टिफिकेट?"

"त्याने परीक्षेत सवलत मिळते. वेळ जास्त मिळतो."

"अन् उद्या लग्नाच्या वक्ती तेच सर्टिफिकेट कोनी दाखवलं तं? पोरगी मंद नाही, मॅडम. दुकानात बसते तं कोनत्या ट्रकचं कोनतं टायर मागच्या खेपेस पंक्चर झालं होतं ते बराबर सांगते. माह्यापेक्षा जास्त ध्यानात राहते तिच्या."

"मंद नाही, तेच मीही म्हणते आहे."

मी त्यांना पाचवीच्या वार्षिक परीक्षेचे सांगितले. आता पाचवीला प्रत्येक विषयात पन्नासपैकी अठरा गुण लागतात. कमी पडले तर पुनर्परीक्षा होते. तिथेही जमले नाही तर मूल पाचवीतच राहते. आमच्या शाळेत याचा अर्थ पुढच्या जूनला ती धाकट्या बहिणीच्या रांगेत बसणार, असा होता.

त्यांनी पाना खाली ठेवला.

"मी बसलो होतो," ते म्हणाले. "लहान्या भावाच्या बाकावर. मले बी अक्षरं अशीच उडत होती. दोन महिने बसलो. मंग नाही गेलो शाळेत." आणि हात पुसत ते म्हणाले, "तिले बहिनीपाशी बसवाची वेळ आली तं मी तिचं नाव काढतो. सांगून ठेवतो तुम्हाले."

ते धमकीच्या सुरात बोलले नाहीत. संमतीच्या कागदावर त्यांनी सही केली. सही करायला त्यांना वेळ लागला.

दरम्यान मी दुसरी चूक केली. विशेष शिक्षक म्हणाले होते की तिला मजकूर मोठ्या अक्षरात, ओळींत जागा सोडून द्या. मी दर धड्याचा सोपा केलेला, मोठ्या अक्षरातला एक कागद तयार केला आणि फक्त तिला दिला. तिसऱ्या दिवशी पाचवीतला पहिल्या नंबरचा मुलगा म्हणाला, "बालवाडीचा पेपर आला." वर्ग हसला. तिने कागदाची घडी घातली आणि दप्तरात ठेवली. त्यानंतर तिने तो कागद बाहेर काढला नाही. बातम्यांचा चौथा नंबर आला त्या दिवशी ती गैरहजर होती.

विशेष शिक्षक पुन्हा आले तेव्हा मी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो पाहिला, बाजूला ठेवला आणि माझ्या जुन्या नोकरीचे विचारले.

"पेपरात फोटो कायले छापत होते तुम्ही?"

"म्हणजे?"

"ज्याले वाचता येत नाही त्याच्यासाठी?"

"सगळ्यांसाठी."

"नकाशा, चौकट, मोठं हेडिंग, ते कोनासाठी?"

"सगळ्यांसाठीच. कोणी हेडिंग वाचतो, कोणी फोटो पाहतो, कोणी पूर्ण बातमी वाचतो."

"फोटो पहिले पायला म्हनून कोनाले हसते का कोनी? मंग इथं एकटीले काहून कागद देता?"

ते ज्याबद्दल बोलत होते त्याला शिक्षणात अध्ययनाचा सार्वत्रिक आराखडा म्हणतात. मी ते प्रशिक्षणात ऐकले होते आणि वहीत उतरवलेही होते: शिकण्यात मूल गुंतेल असे मार्ग एकापेक्षा जास्त, मजकूर पोचवण्याचे मार्ग एकापेक्षा जास्त, आणि आलेले दाखवण्याचे मार्गही एकापेक्षा जास्त. हे सगळे धडा आखतानाच करायचे. कुणी अडल्यावर एकट्यासाठी ठिगळ लावायचे नाही. सात वर्षे मी रोज वर्तमानपत्राचे पान असेच लावत होते. वर्गात ते कधी लावले नव्हते.

त्यांनी एक गोष्ट बजावली. "याच्यानं ती धड्यात येईल. वाचनं याच्यानं येनार नाही. ते वेगळं शिकवा लागते. रोज. वीस मिनिटं. एक आवाज, त्याचं अक्षर, एक मात्रा. पक्कं झालं की पुढची. घाई नाही."

सप्टेंबरपासून वर्ग बदलला. प्रत्येक धडा मी मोबाइलवर वाचून ठेवू लागले आणि एक छोटा स्पीकर खोलीत आला. ज्याला ऐकायचे तो ऐके. मोठ्या अक्षरातला कागद आता खिडकीत गठ्ठ्याने असे आणि कोणीही उचली. धड्यातले कठीण शब्द चित्रांसह भिंतीवर लागले. धडा कळला हे दाखवायला चार वाटा ठेवल्या: लिहून, सांगून, चित्र काढून त्याला नावे देऊन किंवा दोघांनी मिळून करून. कोणती वाट घ्यायची ते मूल ठरवी. मोजायचे काय, ते मी ठरवी.

पहिल्या नंबरच्या मुलाने हरकत घेतली. "मॅडम, ऐकून उत्तर देनं म्हंजे चीटिंग ना?"

"धड्यात काय आहे हे विचारले आहे. ते तुला कानाने कळले की डोळ्याने, हे विचारलेले नाही."

"मंग मी बी ऐकीन."

"ऐक."

त्याने ऐकले. दुसऱ्या आठवड्यात मोठ्या अक्षरांचा कागद सर्वांत जास्त त्यानेच उचलला, कारण ओळींमधल्या जागेत त्याला स्वतःच्या टिपा लिहिता येत. चौथीतली दोन मुले, जी तोपर्यंत वर्गात बोलत नसत, चित्र काढून बोलू लागली. गठ्ठ्यातला कागद घेतल्यावर तिला कोणी हसले नाही, कारण तो सगळ्यांच्याच हातात होता.

लाल पेन मी टेबलाच्या खणात ठेवले. तिच्या लेखनात आधी आशय तपासायचा आणि शुद्धलेखनाची एकाच प्रकारची चूक एका वेळी दाखवायची, असे ठरवले. नंतर हेच सगळ्या वर्गाला लागू केले.

परिपाठ सुरू होण्याआधीची वीस मिनिटे तिची होती. पाटीवर वाळू पसरून त्यात अक्षर काढायचे, काढताना त्याचा आवाज म्हणायचा. मग त्याच अक्षराचे शब्द, मग एक मात्रा, मग कालचे पुन्हा. जोडाक्षर आम्ही तोडून वाचत होतो. पहिले सहा आठवडे तिला 'ए' आणि 'ऐ'च्या मात्रा सलग दोन दिवस लक्षात राहिल्या नाहीत. सातव्या आठवड्यात राहिल्या.

परिपाठाची वहीही मी बदलली. आधी तिच्यात चार रकाने होते: नाव, हजेरी, बातम्या, वेळ. पाचवा वाढवला: सादरीकरण. त्यात 'वाचून', 'सांगून' किंवा 'ध्वनिमुद्रित करून' असे लिहायचे. शिवाय पेपरातल्या बातमीऐवजी गावातली बातमी चालेल, पण दोन माणसांना विचारलेले असले पाहिजे, असा नियम केला.

सप्टेंबरअखेर तिचा पाचवा नंबर आला. ती हजर होती. हातात चार चित्रांचे एक कार्ड होते, त्यावर अक्षर एकही नव्हते. तिने सांगितलेली बातमी अशी होती: गावच्या तलावाचे गेट आदल्या दिवशी सकाळी सात वाजता धानासाठी उघडले. पाणी आधी खालच्या बाजूच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना गेले. वरच्या बाजूच्या पाच शेतकऱ्यांना अजून मिळालेले नाही. त्यांना परवा मिळेल, असे पाणीवाटप पाहणारे काका म्हणाले. वरच्या बाजूची आजी मात्र म्हणाली की मागच्या वर्षीही परवाच म्हणाले होते.

सातवीतली मुले हसली. या वेळी हसणे तिला नव्हते, आजीच्या बोलण्याला होते.

मी वहीत नोंद केली. नागपूरच्या डेस्कवर वार्ताहरांना रोज विचारावे लागणारे प्रश्न मला तिला विचारावे लागले नाहीत. कधी, कोण, कोणी सांगितले, दुसरी बाजू काय, हे सगळे बातमीत होते. मी मुख्याध्यापकांना तसे सांगितले. ते म्हणाले, "चांगलं आहे. पन परीक्षा लिहून होते, मॅडम."

जिल्हा रुग्णालयात तीन खेपा झाल्या. तिथून नागपूरला जावे लागले. वडिलांनी तीन वेळा दुकान बंद ठेवले, एका वेळी आई गेली. प्रमाणपत्र फेब्रुवारीत आले. त्यावर विशिष्ट अध्ययन अक्षमता असे लिहिले आहे. बुद्धिमत्ता चाचणीचा निष्कर्ष सर्वसाधारण असा आहे. वडिलांनी ते मला दाखवताना बोट या दुसऱ्या ओळीवर ठेवले होते. बोट योग्य ओळीवर होते. त्यांनी ती ओळ आधी मोठ्या मुलीला विचारून घेतली होती, हे मला नंतर कळले. तिने ती वाचली होती.

मुख्याध्यापकांनी सवलतीचा आदेश मागवून फाइलला लावला. "नियमात बसते. म्हणजे बसते," ते म्हणाले. तिला वाढीव वेळ मिळाला. गणित आणि परिसर अभ्यासाचे प्रश्न तिला मोठ्याने वाचून दाखवायचे ठरले. मराठीच्या उताऱ्याबद्दल मी विशेष शिक्षकांना फोन केला.

"गणितात काय मोजता?"

"गणित."

"मंग वाचून दाखवा. तिथं वाचन फक्त आडवं येते. मराठीच्या उताऱ्यात काय मोजता?"

"वाचन."

"मंग ते तिले वाचू द्या. वेळ द्या. पन वाचू द्या."

त्या काळात धाकटी मधल्या सुटीत माझ्याकडे आली. थोरलीने घरी धडे वाचून घेणे बंद केले होते. ती स्वतः बोट ठेवून वाचत बसे.

"लय वेळ लावते ते," धाकटी म्हणाली. "मले झोप येते."

"मग तू झोप."

"पन मंग मी कोनाले वाचून दाखवू?"

मी तिला पहिलीतल्या मुलांची नावे दिली. ती त्यांना अजूनही वाचून दाखवते.

परीक्षा एप्रिलमध्ये झाली. मराठीच्या पेपरला वर्ग उठून गेल्यावर ती आणि मी खोलीत राहिलो. मी मागच्या बाकावर बसले होते. उताऱ्यावरून तिचे बोट सरकताना मला दिसत होते. ते दोनदा मागे गेले. तिसऱ्या परिच्छेदापाशी थांबले, ओठ हलले, पुढे गेले. वाढीव वेळेतली चार मिनिटे उरली असताना तिने उत्तरपत्रिका दिली.

"शेवटचा प्रश्न सोडला," ती म्हणाली.

"का?"

"आला नाही. वाचला, पन आला नाही."

नियमाप्रमाणे मी तिचे पेपर तपासले आणि मुख्याध्यापकांनी ते फेरतपासले. त्यांनी इंग्रजीचा पेपर तीनदा तपासला. एका उत्तराबद्दल ते मला म्हणाले, "इथं अर्धा मार्क देता आला असता." मी म्हटले, देता येत नाही. त्यांनी बेरीज पुन्हा केली आणि अर्ध्या गुणाशिवाय सही केली.

एक मेला ध्वजवंदनानंतर निकाल वाचला गेला. वडील आले होते. ते मागे, फाटकाजवळ उभे होते. प्रगतिपत्रक तिच्या हातात दिले तेव्हा तिने ते वडिलांकडे नेले नाही. तिथेच उभी राहून, वरून खाली, बोट ठेवून वाचू लागली. पुढच्या मुलाचे नाव पुकारायला मुख्याध्यापक थांबले. चौथीच्या रांगेतून धाकटी म्हणाली, "लवकर, ताई," आणि थोरली म्हणाली, "थांब ना. वाचून राहिलो ना मी."

गणित सदतीस. परिसर अभ्यास एक्केचाळीस. मराठी एकवीस, त्यातले तोंडीचे नऊ. इंग्रजी एकोणीस. वर्गोन्नत.

वडिलांनी प्रगतिपत्रक घेतले, उलटसुलट पाहिले आणि विचारले, "कोनत्या खोलीत बसनार आता?"

"सहावीच्या. पलीकडच्या," ती म्हणाली.

त्या दिवशी मी तिची जुनी निबंधाची वही मागितली. 'आळस सोड' या शेऱ्यावर मी रेघ मारली आणि खाली तारीख घालून सही केली. वर्तमानपत्रात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतात. इथे ती दहा महिन्यांनी झाली. तिने वही परत घेतली, ते पान पाहिले आणि दप्तरात ठेवली.

यंदा शाळा जूनअखेर सुरू झाली. ती सहावीत, माझ्या खोलीच्या पलीकडच्या खोलीत बसते. तिथल्या सरांनी स्पीकर मागून नेला, आता मला नवा घ्यावा लागणार आहे. धाकटी पाचवीत आहे आणि माझ्यापुढे पहिल्या बाकावर बसते. विशेष शिक्षक महिन्यातून एकदा येतात. सकाळची वीस मिनिटे चालू आहेत.

परिपाठ सर्व वर्गांचा एकत्र होतो. यंदा तिचा पहिला नंबर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आला. त्या दिवसाच्या नोंदीत तिच्या नावापुढे असे आहे: हजर. बातम्या चार. वेळ सहा मिनिटे. सादरीकरण: तीन सांगून, एक वाचून.